ग्राहकाचा शब्द मांडताना

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या ग्राफिक डिझायनरला दुकानाची पाटी नसते. त्याचं काम पसरतं ते एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे. पूर्वी हे सांगणं छापखान्याच्या काउंटरवर किंवा लग्नाच्या मांडवात व्हायचं. आता त्यातलं बरंचसं मोबाइलवर होतं. खूश झालेला ग्राहक दोन ओळी पाठवतो, डिझायनर त्या सजवून आपल्या पानावर टाकतो आणि पुढचा ग्राहक त्या वाचून फोन करतो. ग्राहकाच्या अभिप्रायाची ही पोस्ट दिसायला साधी असली तरी ती नीट जमणं अवघड आहे, कारण तिच्यात आपलं कौतुक आपणच छापत असतो. तेव्हा ते कुठपर्यंत छापायचं, कोणत्या शब्दांत आणि केवढ्या अक्षरांत, याचं उत्तर शोधण्यासाठी ही पुस्तिका आहे.

नम्रता दाखवायची म्हणून बहुतेक जण पोस्टखाली ‘भारावून गेलो’, ‘ऋणी आहे’, ‘आपला आशीर्वाद असाच राहो’ असं लिहितात. ते लिहिणारा खोटं बोलत नसतो. पण वरच्या चित्रात स्वतःचा लोगो सर्वांत मोठा असेल, ग्राहकाचं वाक्य घासूनपुसून जाहिरातीसारखं केलं असेल आणि सगळं श्रेय एकट्याने घेतलं असेल, तर खालच्या ओळीचा उपयोग होत नाही. माझं म्हणणं असं की या पोस्टमधली नम्रता तीन ठिकाणी तपासता येते. दावा कुठे थांबतो, ग्राहकाचे शब्द कितपत त्याचे राहतात आणि कामातला इतरांचा वाटा दिसतो का. पुढच्या प्रकरणांतली उदाहरणं याच क्रमाने आली आहेत. त्यांतलं एक मी इथे सविस्तर सांगतो, कारण त्यात या तिन्ही गोष्टी एकदम आल्या.

कराड तालुक्यात एक ताई घरगुती मसाले करतात. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला आणि जवसाची चटणी हे त्यांचे तीन मुख्य माल. दोनशे ग्रॅमचं तयार पाऊच आणायचं, त्यावर स्टिकर लावायचा, अशी त्यांची पद्धत. तिन्ही पाकिटांवर एकच पिवळा स्टिकर होता. त्यावर मसाल्यांच्या ढिगाचा एकच फोटो, वर मोठं घराण्याचं नाव आणि खाली बारीक अक्षरात मालाचं नाव. त्या बारीक अक्षरालाही पांढरी कड आणि काळी सावली. दुकानात मांडणीवर पाकिटं एकमेकांना खेटून उभी राहिली की कोणतं काय हे कळायला पाकीट हातात घ्यावं लागे. घाईच्या वेळी दुकानदार कांदा-लसूणऐवजी गोडा देई. गिऱ्हाईक घरी जाऊन पाकीट फोडी आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन येई. फोडलेलं पाकीट दुकानदार ताईंकडे परत पाठवी, म्हणजे नुकसान त्यांचंच.

ज्या डिझायनरने हे काम घेतलं तिने आधी ताईंबरोबर दुकानात जाऊन पाकिटं कुठे आणि कशी ठेवली जातात ते पाहिलं. मग नावांची अदलाबदल केली. मालाचं नाव मोठं झालं, घराण्याचं नाव लहान होऊन वरच्या कोपऱ्यात गेलं. तिन्ही मालांना तीन रंग दिले. कांदा-लसूणला लाल, गोड्याला गडद तपकिरी आणि जवसाला निळा. सावली आणि कड काढून टाकली. ताईंना पाकिटातून मसाला दिसायला हवा होता, तेव्हा स्टिकरमध्ये खिडकी ठेवली. पण ती लहान ठेवली, कारण उजेडात मिरचीचा रंग उडतो आणि महिन्याभरात तोच मसाला फिका, जुना वाटायला लागतो. पाऊचवरच छपाई करावी असाही विषय निघाला होता. पण त्या छपाईसाठी प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर करावा लागतो आणि पाऊच हजारोंच्या संख्येने घ्यावे लागतात. ताईंच्या उलाढालीला ते परवडणारं नव्हतं, म्हणून स्टिकरच राहिला. त्यावर मॅट लॅमिनेशन करा, म्हणजे तेलकट हात लागून डाग पडणार नाहीत, हे सुचवलं छापखान्याच्या मालकांनी.

नवी पाकिटं दुकानांत गेल्यावर दोन-अडीच महिन्यांनी ताईंचा निरोप आला. तो जसाच्या तसा असा:

‘ताई नमस्कार. नवीन पाकिटं लय भारी झाली. आधी दुकानदार कांदा लसूण मागितला की गोडा द्यायचा, आता चुकत नाही. परवा बाजारात एका आजींनी लांबनंच वळखलं, म्हणल्या ते लाल पाकीट दे. तुमच्यामुळं धंदा डबल झाला बघा. तुमच्यासारखी डिझाइनर सगळ्या जिल्ह्यात न्हाई. मुलगा पण म्हणतो आपला माल आता कंपनीचा वाटतो.’

असा निरोप आला की हात पहिल्यांदा कोणत्या वाक्याकडे जातो हे सांगायला नको. ‘तुमच्यामुळे धंदा डबल झाला’ हे वाक्य मोठ्या अक्षरात टाकलं की पोस्ट तयार. ते खरोखर ग्राहकाने लिहिलेलं आहे, म्हणजे ते खोटंही नाही. मग अडचण कुठे आहे?

डिझायनरने ताईंना फोन करून विचारलं, डबल कधीपासून झाला आणि त्या दिवसांत आणखी काय काय बदललं? ताईंनी आठवून सांगितलं की नवी पाकिटं दिवाळीच्या तोंडावर आली. त्याच सुमारास दोन नवी दुकानं जोडली गेली, आणि बचत गटाच्या प्रदर्शनात स्टॉल लागला तोही तेव्हाच. म्हणजे विक्री वाढली हे खरं. पण त्यात सणाचा भाग किती, नव्या दुकानांचा किती आणि पाकिटाचा किती, हे वेगळं काढायला कोणताच मार्ग नव्हता. ताईंनी ते वाक्य आनंदाने आणि प्रेमाने लिहिलं होतं, डिझायनरशी बोलताना. तेच चौकात लावलं की ते दाव्यासारखं वाचलं जातं. उद्या लोणच्याचा व्यवसाय करणारी दुसरी कोणी बाई तेवढ्या भरवशावर पैसे गुंतवेल आणि तिचा धंदा डबल होणार नाही.

कायद्याचंही म्हणणं हेच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. जाहिरातीत वापरलेलं मत त्या माणसाचं खरं आणि अलीकडचं असावं, पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं असावं, असं त्यांत म्हटलं आहे. मत देणारा आणि जाहिरात करणारा यांच्यात काही देणंघेणं असेल आणि त्यामुळे मताच्या विश्वासार्हतेवर परिणाम होणार असेल, तर ते उघड करावं, असंही त्यांत आहे. अभिप्राय दिला म्हणून पुढच्या कामात सवलत दिली असेल तर ती पोस्टमध्ये लिहायची, नाहीतर अशी सवलत द्यायचीच नाही. दुसरा मार्ग केव्हाही सोपा.

फोनवरच डिझायनरने आणखी एक प्रश्न विचारला. तो मला फार मोलाचा वाटतो: ‘तुम्ही स्वतः डोळ्यांनी काय बदललेलं पाहिलं?’ ताईंनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं की फोडलेलं पाकीट परत येणं बंद झालं. अभिप्रायाचा गाभा इथे सापडला. दुकानदार चुकत होता, आता चुकत नाही. पाकिटं परत येत होती, आता येत नाहीत. हे घडताना ताईंनी पाहिलं आहे, त्याचं कारण पाकिटाच्या मांडणीत आहे आणि ती मांडणी डिझायनरने बदललेली आहे. दावा इथपर्यंत न्यायचा आणि इथेच थांबवायचा. शिवाय वाचणाऱ्याला हेच वाक्य जास्त उपयोगी पडतं. धंदा डबल झाल्याच्या गोष्टी तो रोज वाचतो. दुकानदार चुकीचं पाकीट देतो ही त्याची स्वतःची अडचण असते.

‘सगळ्या जिल्ह्यात तुमच्यासारखी नाही’ हे वाक्य गाळायला वेळ लागला नाही. त्यात कामाबद्दल काही नव्हतं, आणि जिल्ह्यातल्या इतर डिझायनरांबद्दल जे होतं ते ताईंना माहीत असण्याचं कारण नव्हतं. असं कौतुक स्वतःपाशी जपून ठेवावं. ते आपल्याला दिलेलं असतं, लोकांना दाखवायला दिलेलं नसतं.

आता शब्दांकडे येऊ. संपादन किती करायचं? या पुस्तिकेत एक नियम पाळला आहे: गाळायला मुभा आहे, घालायला नाही. ‘कांदा लसूण’मध्ये जोडरेघ टाकली, पूर्णविराम नीट केले, एवढं चालतं. मधलं वाक्य गाळलं तर तिथे तीन टिंबं द्यायची. ‘लांबनंच वळखलं’चं ‘दुरूनच ओळखलं’ करायचं नाही. ताई जशा बोलतात तशाच दिसल्या पाहिजेत. त्यांच्या तोंडी ‘अत्यंत व्यावसायिक दृष्टिकोन’ असले शब्द घातले की वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे कोणी दुसऱ्याने लिहून दिलं आहे, आणि मग खऱ्या अभिप्रायावरचाही विश्वास जातो. मात्र बोलीभाषा ठेवताना एक काळजी घ्यावी लागते. काही ग्राहकांना आपली बोली छापलेली आवडते, काहींना संकोच वाटतो. तो निर्णय त्यांचा. ताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मी बोलते तसंच राहू द्या, गिऱ्हाईक मला तसंच वळखतं.’

परवानगी एका ‘हो’ने मिळत नाही, कारण ती अनेक गोष्टींची असते. शब्द छापू का, नाव देऊ का, गाव देऊ का, फोटो वापरू का, जुन्या पाकिटाचा फोटो दाखवू का. शेवटचा प्रश्न पुष्कळ जण विसरतात. आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवणं डिझायनरला सोयीचं असतं, पण आधीचं पाकीट ग्राहकाने कधीतरी हौसेने करून घेतलेलं असतं, कदाचित घरातल्याच कोणाकडून. ताईंचा जुना स्टिकर त्यांच्या पुतण्याने केला होता. त्यांनी जुना फोटो नको म्हटलं आणि तो वापरला नाही. निरोपाचा स्क्रीनशॉट टाकायचा झाला तर वरचा फोन नंबर, प्रोफाइल फोटो आणि आजूबाजूचं बोलणं झाकावं लागतं. त्यापेक्षा शब्द नव्याने जुळवणं बरं. त्या पोस्टवर ताईंचं नाव आहे. इथे मी ते दिलं नाही, कारण त्यांनी परवानगी दिली ती पोस्टपुरती.

मांडणीच्या बाबतीत ही पोस्ट म्हणजे डिझायनरची परीक्षाच असते. चित्राचं माप १०८० बाय १३५० पिक्सेल घेतलं. इन्स्टाग्रामच्या पानावर चौकटीत दिसताना ते दोन्ही बाजूंनी थोडं कापलं जातं, म्हणून अक्षरं कडेपासून आत ठेवली. चित्रात सर्वांत मोठं काय असावं? ताईंचं वाक्य. त्याखालोखाल ताईंचं आणि त्यांच्या मालाचं नाव. डिझायनरचं नाव सर्वांत शेवटी, तळाला, लहान अक्षरात. पान डिझायनरचंच आहे, नाव वर लिहिलेलंच असतं. ते पुन्हा मोठं करण्याची गरज नाही. मोबाइल हातभर लांब धरून चित्र पाहायचं आणि आधी काय वाचलं गेलं ते तपासायचं, ही साधी कसोटी पुरते.

देवनागरीची स्वतःची काही पथ्यं आहेत. इंग्रजीसाठी बसवलेल्या साच्यात मराठी मजकूर ओतला की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. आपल्या लिपीत अक्षराच्या वरही मात्रा आहेत आणि खालीही, त्यामुळे दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह टाळावा. शिरोरेषा तुटली की शब्द विस्कटतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत आणि पुष्कळ फॉन्टांत हिंदी वळण आपोआप येतं. ‘टिरो देवनागरी’ या फॉन्टची मराठीसाठी स्वतंत्र आवृत्ती आहे, ती अशा वेळी कामाला येते. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. ताईंच्या पोस्टसाठी पाकिटावरचाच लाल रंग पार्श्वभूमीला घेतला, अक्षरं पांढरी ठेवली. अवतरणचिन्ह मोठं, सोनेरी काढण्याची पद्धत आहे. ते टाळलं, कारण त्याने वाक्याच्या आधी सजावट वाचली जाते. चित्रावर शेवटी आलं ते एवढंच:

‘आधी दुकानदार कांदा-लसूण मागितला की गोडा द्यायचा, आता चुकत नाही.’

खालच्या मजकुरात डिझायनरने जे लिहिलं तेही पूर्ण देतो:

‘या ताईंच्या तीन मालांची पाकिटं सारखी दिसायची. प्रत्येकाला वेगळा रंग आणि मोठं नाव देणं हे माझं काम होतं. मॅट लॅमिनेशन छापखान्याने सुचवलं, त्यामुळे स्टिकर डागळत नाहीत. गिऱ्हाईक माल कसा मागतं आणि दुकानदार तो कुठून काढतो, हे ताईंनी मला दुकानात नेऊन दाखवलं. रंगांची कल्पना तिथे सुचली. त्यांचा निरोप त्यांच्या परवानगीने देत आहे.’

यात ‘मी नम्र आहे’ असं कुठेही म्हटलेलं नाही. काय केलं, काय दुसऱ्याने केलं आणि कल्पना कुठून आली, हे सांगितलं आहे. छापखान्याचा उल्लेख उपचार म्हणून आलेला नाही. पाकीट दुकानात टिकतं ते त्या लॅमिनेशनमुळे, म्हणून तो आला. वाचणाऱ्याला यातून डिझायनरची काम करण्याची पद्धत कळते, जी नुसत्या कौतुकातून कधी कळली नसती. आणि पहिल्या एक-दोन ओळीच आधी दिसतात, बाकीचा मजकूर बोट लावल्यावर उघडतो, म्हणून ग्राहकाची अडचण आधी आली आणि परवानगीचा उल्लेख शेवटी.

अशा पोस्टच्या मर्यादाही माहीत असाव्यात. एका ग्राहकाचा अनुभव एका ग्राहकाचाच असतो. ताईंच्या बाबतीत रंग वेगळे करून अडचण सुटली. ज्याचा एकच माल आहे त्याला त्याचा उपयोग नाही. म्हणून पोस्टमध्ये अडचण नेमकी सांगणं महत्त्वाचं, म्हणजे वाचणारा स्वतःशी ताडून पाहू शकतो. अभिप्राय मागण्याची वेळही महत्त्वाची असते. फायनल आर्टवर्क पाठवलं त्याच दिवशी मागितला तर ग्राहक फक्त चित्राबद्दल बोलू शकतो, कारण माल अजून कोणी पाहिलेला नसतो. दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. पैसे येणं बाकी असताना मागू नये; तेव्हा मिळालेला गोड शब्द कशासाठी आहे हे दोघांनाही कळत नाही. आणि ज्याचा अजून एकही अभिप्राय आलेला नाही अशा नवख्या डिझायनरने मित्राकडून लिहून घेऊ नये. त्याने केलेलं काम आणि त्यामागचा विचार मांडावा. ते पुरेसं आहे.

पुढच्या पानांत लग्नपत्रिका, दवाखान्याची पाटी, शाळेचं माहितीपत्रक आणि गुळाच्या खोक्याचं वेष्टण अशा कामांचे अभिप्राय आहेत. प्रत्येकाबरोबर मूळ निरोप, गाळलेला भाग आणि गाळण्याचं कारण दिलं आहे. वाचताना आधी मूळ निरोप वाचा, आपण कोणतं वाक्य उचललं असतं ते ठरवा आणि मगच पुढची पोस्ट पाहा.

आणि स्वतःची पोस्ट तयार झाली की ती लोकांपुढे टाकण्याआधी ग्राहकाला पाठवा. आपल्या गिऱ्हाइकासमोर, आपल्या दुकानात उभं राहून हे वाक्य मोठ्याने म्हणायला त्याला संकोच वाटणार नसेल, तर ती पोस्ट टाका. वाटणार असेल, तर ते वाक्य काढा.